मुकादमाची चिठ्ठी

त्या कारखान्यातून चिठ्ठीशिवाय साधं स्टूलसुद्धा कधी बाहेर पडलं नव्हतं. खुर्ची असो, कपाट असो, वस्तू गाडीत चढण्याआधी तिच्या पोटात, जिथे गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही अशा जागी, तळहाताएवढी चिठ्ठी चिकटवली जायची. काय, कशाचं, कोणी, कोणासाठी, अशा चार ओळी आणि खाली हात लागलेल्या सगळ्यांच्या सह्या. ही पद्धत आजोबांनी पाडली आणि बाबांनी तिचं व्रत केलं. चिठ्ठी कुणी वाचत नाही, म्हणूनच तिच्यात खोटं लिहायचं नाही, असं बाबांचं म्हणणं. याच म्हणण्यापायी नऊ वर्षांपूर्वी धाकटा घराबाहेर पडला होता. वाचनालयाच्या एका कपाटाची पाठ त्याने प्लायवूडची लावली आणि चिठ्ठीवर लिहिलं सागवान. बाबांनी चार कामगारांदेखत ती चिठ्ठी फाडली. धाकट्याने रंधा खाली ठेवला, पिशवी भरली आणि कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा धरला. तेव्हा बाबा म्हणाले, "तो कुठे जाणार नाही. त्याने काही खोटं लिहिलेलं नाही."

तर आता त्या कुत्र्याची चिठ्ठी लिहायची होती.

कुत्र्याला सगळे मुकादम म्हणत. पिल्लू असल्यापासून तो करवतीच्या मशीनजवळच्या फळीवर बसून प्रत्येकाच्या कामाकडे अशा नजरेने बघायचा की नवखा सुतारही हात चालवायला लागे. आता त्याला पंधरा वर्षं झाली होती. मूत्रपिंडं थकली होती, मागचे पाय लुळे पडत चालले होते, कान दोन वर्षांपूर्वीच गेले होते. आज गुरुवार. अकरा वाजता डॉक्टरीणबाई घरी येणार होत्या.

थोरली आठ वाजल्यापासून कामाच्या टेबलाशी कागद घेऊन बसली होती. कारखाना आता तीच चालवायची. दहा कामगारांना धाकात ठेवणारी, लाकूडवाल्याला घाम फोडणारी बाई, पण आज तिच्याच्याने एक ओळ धड पुढे सरकत नव्हती. शेवटी कसंबसं अर्धं पान झालं आणि तिने ते बाबांपुढे सरकवलं. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली.

"'प्रिय मुकादम, तू आम्हा सगळ्यांवर सारखंच प्रेम केलंस.'" बाबांनी मोठ्याने वाचलं आणि त्यावर सरळ रेघ मारली. "सारखं नाही केलं. धाकट्यावर जास्त केलं. मग तुझ्यावर. माझ्यावर जेवणापुरतं."

"बाबा, ही काय कपाटाची चिठ्ठी आहे?"

"चिठ्ठी ती चिठ्ठी. 'आता तू एका सुंदर ठिकाणी जाशील.'" दुसरी रेघ. "तू बघून आलीस का?"

"'तुला काही दुखणार नाही' हे तरी राहू द्या. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"त्या म्हणाल्या, पहिली सुई थोडी झोंबेल. मग काही कळणार नाही. तसं लिही."

आतल्या दारातून आई हे सगळं ऐकत होती. तिच्या हातात अंडं उकडायचं पातेलं होतं. मुकादमाला उपाशी ठेवायची गरज नाही, आवडेल ते द्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून तिने सकाळपासून तीन वेळा काही ना काही शिजवलं होतं. त्याने एकालाही तोंड लावलं नव्हतं. "अहो, त्या पोरीला सुखाने लिहू द्या की," ती म्हणाली. "कुत्र्याला लिहितेय ती, तुम्हाला नाही."

 बाबांची पेन्सिल शेवटच्या ओळीवर थांबली होती. 'जोवर तुझे चांगले दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त होते, तोवर आम्ही तुला धरून ठेवलं.' यावर त्यांनी रेघ मारली नाही. समासात फक्त एक ठिपका दिला, कागद परत केला आणि उठून बाहेर गेले.

कारखान्यात ठिपक्याचा अर्थ एकच होता. पुन्हा मोजून बघ.

थोरलीने भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनीच ते सुरू करायला लावलं होतं. रोज संध्याकाळी स्वतःला विचारायचं: त्याने खाल्लं का, आपण होऊन उठला का, आपल्याला बघून शेपूट हलवली का? दिवस बरा गेला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की मला फोन करा, त्यापुढे ओढणं हे त्याच्यासाठी नसेल, तुमच्यासाठी असेल, असं त्यांनी बजावलं होतं. थोरलीने पहिले पाच आठवडे खरं लिहिलं. एक दिवसाआड त्याच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून ती सलाईनची सुई टोचायची, कातडीखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि सावकाश जिरायची. पण गेले तीन आठवडे तो सलाईननेही उभा राहत नव्हता, तोंडाला वास यायचा, जेवणाकडे बघून मान फिरवायचा. आणि कॅलेंडरवर त्या एकवीस दिवसांत सोळा बरोबरच्या खुणा होत्या. सगळ्या तिच्या हाताच्या.

कारण साधं होतं आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. धाकट्याचा फोन दर रविवारी संध्याकाळी सहाला यायचा. नऊ वर्षांत चुकला नव्हता. आणि तो नेहमी एकच विचारायचा, मुकादमाचं. खाल्लं का, उठला का, पाय कसे आहेत. आई कशी आहे हे तो विचारायचा नाही, कारण मग बाबा कसे आहेत हेही विचारावं लागलं असतं. मुकादम गेल्यावर त्या फोनला निमित्त काय उरणार होतं? तिचा भाऊ त्या कुत्र्याच्या शेपटीला धरून या घरात होता.

सोमवारी आईच न राहवून म्हणाली, बास झालं, आणि तिनेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आल्या, तपासलं आणि संमतीचा कागद काढला. बाबा म्हणाले, लसीच्या पुस्तकात मालक म्हणून धाकट्याचं नाव आहे, सही तोच करेल. सांभाळणाऱ्याची सहीही चालते, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. बाबा तिसऱ्यांदाही तेच म्हणाले. आईने तेव्हा भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसले आणि धाकट्याला फोन लावला.

साडेनऊला फाटक वाजलं.

धाकटा आत आला आणि कारखान्याच्या दारात उभा राहिला. केस विरळ झाले होते, अंग भरलं होतं, खांद्यावर पिशवी होती, बहुधा तीच. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"कुठे आहे?" त्याने विचारलं.

मुकादम आपल्या फळीवर आडवा होता. डोळे उघडे, पण बुबुळांवर धुरकट पडदा. धाकट्याने हाक मारली नाही. तो दहा हात लांबच थांबला आणि बुटाची टाच लाकडी फळ्यांच्या जमिनीवर तीनदा आपटली. ठक, ठक, ठक. पिल्लू असताना मशीनच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून त्याने लावलेली ही सवय.

मुकादमाची मान उचलली गेली. फळीतून आलेली ती थाप त्याच्या हनुवटीला कळली होती. तो नाकाने हवा ओढत राहिला, आणि मग शेपटीचं टोक फळीवर आपटलं, दोनदाच, पण आपटलं. तो उठायला गेला आणि मागचं धड तिथेच राहिलं.

"नको, नको रे, मीच येतो," धाकटा म्हणाला आणि गुडघ्यांवर कोसळला.

आईने अंड्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. मुकादमाने तो खाल्ला नाही. धाकट्याची बोटं मात्र एकेक करून चाटली. मग दमून डोकं त्याच्या मांडीवर टाकलं.

बाबा दारात येऊन उभे होते. बाप-लेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गाडी वेळेवर होती?" बाबांनी विचारलं.

"हो."

नऊ वर्षांचं बोलणं तेवढ्यात उरकलं.

डॉक्टरीणबाई अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. ठेंगणीठुसकी बाई, आवाज हळू. फळीवर जुनी चादर पसरायला सांगितली आणि खाली मेणकापड, कारण शेवटी लघवी होते, त्यात दचकण्यासारखं काही नाही. मग धाकट्यापुढे कागद ठेवून त्यांनी प्रत्येक ओळ समजावून सांगितली. आधी मांडीच्या स्नायूत गुंगीचं इंजेक्शन. दहा-पंधरा मिनिटांत गाढ झोप. मग पुढच्या पायावरचे केस थोडे काढून शिरेत नळी. त्यातून भुलीचंच औषध, पण खूप जास्त. आधी श्वास थांबतो, मग हृदय. "डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखा वाटेल, कातडी थरथरेल. तो परत आलेला नसतो, शरीर आवरत असतं. आणि काही बोलायचं असेल तर पहिल्या सुईच्या आधी बोला. नंतर तो तिथे नसेल."

धाकट्याने सही केली. अक्षर बाबांसारखंच होतं, उजवीकडे झुकलेलं.

"ताईने चिठ्ठी लिहिलीय," आई म्हणाली.

"बहिरा आहे तो," धाकटा म्हणाला.

"त्याचं डोकं छातीशी धरायचं," थोरली म्हणाली. "बोललेलं हाडांतून कळतं त्याला. मी रोज बोलते."

मग तिने मुकादमाचं डोकं उचलून आपल्या छातीशी धरलं. ते पूर्वी दोन हातांनी उचलावं लागे, आता एकाने उचललं गेलं. दुसऱ्या हातात कागद. ती वाचू लागली.

"'मुकादम. तू पंधरा वर्षं या फळीवर बसलास. सगळ्यात जास्त प्रेम तू धाकट्यावर केलंस, तो नसतानाही. रोज सहाला तू फाटकाशी जाऊन बसायचास. सहाला काम सुटतं म्हणून बसतोस, असं आम्ही लोकांना सांगायचो. पुढे काय आहे ते आम्हाला माहीत नाही. पहिली सुई थोडी झोंबेल, आम्ही चौघं इथेच असू. तू एकदाही कुणाच्या कामाला नावं ठेवली नाहीस, पण तू बघत असताना कुणी वाईट काम केलं नाही. एक सोडून.'"

धाकटा किंचित हसला. बाबांनी नाक शिंकरलं.

मग ती ओळ आली. समासातला ठिपका आला. थोरलीने कागद खाली घेतला. छातीशी धरलेलं डोकं गरम होतं आणि तिच्या आवाजाची वाट बघत होतं. निदान तिला तसं वाटलं. एवढी ओळ वाचून टाकली असती तर सगळं निभावलं असतं. कुणी वाचणार नव्हतं, कुणी मोजणार नव्हतं.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "मुकादम, हे मी खोटं लिहिलंय. तुझे तीन आठवडे वाईट गेले. मी भिंतीवर चांगले लिहिले. तू उठत नव्हतास, मी लिहिलं उठला. तू खाल्लं नाहीस, मी लिहिलं खाल्लं. रविवारचा फोन बंद होईल म्हणून. तुझं दुखणं मी वापरलं. मला माफ कर म्हणणार नाही, तुला ते कळत नाही. पण हे मी केलं."

 डॉक्टरीणबाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"एकवीस दिवस, ताई?" धाकटा म्हणाला. त्याने कॅलेंडरकडे बघितलं, मग तिच्याकडे. "दर रविवारी मला सांगत होतीस, बरा आहे. मी आलो असतो. तो उभा राहू शकत होता तेव्हा आलो असतो." तो उठला आणि दाराकडे चालू लागला. बाबांनी दार अडवलं नाही. नऊ वर्षांपूर्वीही अडवलं नव्हतं.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

धाकटा थांबला.

"रोज सकाळी त्याला उचलून अंगणात मीच नेतो. हाताला वजन कळतं. महिन्याभरात निम्मा झाला. कॅलेंडर मी बघत होतो, आणि गप्प बसत होतो."

"का?" थोरलीने विचारलं. "तुम्ही तर एका शब्दासाठी..."

"रविवार यायचा होता," बाबा म्हणाले. "मी पॅसेजमध्ये उभा राहतो. सहाला. फोनवरचं तिचं बोलणं तेवढंच ऐकू येतं, 'हो, खाल्लं, हो, उठला.' तेवढं पुरतं मला." ते कॅलेंडरकडे वळले. "तिची सही आहे त्या खोट्यावर. माझीही धरा."

"या घरात सगळे कुत्र्याच्या आडून बोलतात," आई म्हणाली. "नऊ वर्षं झाली, त्या जनावराला किती ओझं वाहायला लावलंत तुम्ही."

धाकटा परत फिरला. माफ वगैरे काही केलेलं नव्हतं त्याने, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण तो येऊन फळीशी बसला, आणि मुकादमाचं डोकं थोरलीच्या हातून हळूच स्वतःच्या छातीशी घेतलं. "मी आलोय," तो म्हणाला. "उशीर झाला. पण आलोय." मग डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "द्या."

सुई झोंबली, मुकादमाने मान वळवून पायाकडे पाहिलं आणि पुन्हा टेकवली. हळूहळू त्याची जीभ ओठांबाहेर आली. घोरणं सुरू झालं, दुपारच्या सुट्टीत यायचं तसंच. डॉक्टरीणबाईंनी पायावरचे केस काढले, शीर चाचपली. पहिल्या वेळी ती सापडली नाही, अंगातलं पाणी आटलेलं होतं. दुसऱ्या पायात सापडली. त्यांनी आधी थोडं सलाईन सोडून नळी नीट बसल्याची खात्री केली आणि चौघांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली.

औषध जायला अर्धं मिनिट लागलं. घोरणं थांबलं. बाईंनी स्टेथोस्कोप फासळ्यांवर ठेवला, बराच वेळ ऐकलं, जागा बदलून पुन्हा ऐकलं.

"गेला," त्या म्हणाल्या.

नंतर एक खोल श्वास आला. सांगितलेलं असूनही आईने त्याचं नाव घेतलं. मग काही आलं नाही. डोळे उघडेच होते, मशीनकडे लागलेले.

जाताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, खड्डा किमान चार फूट हवा. औषध शरीरात राहतं, दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर तेही मरेल. बाबा आणि धाकटा कारखान्यामागे खणू लागले. थोरली माती ओढत होती.

"मला सरळ सांगायचं होतंस," धाकटा खड्ड्यातून म्हणाला. "तुझ्यासाठी फोन कर म्हणून."

"केला असतास?"

त्याने दोन फावडी माती वर फेकली. "माहीत नाही," म्हणाला. ते खरं होतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

पेटी बाबांनी काल संध्याकाळीच केली होती, फक्त तळ ठेवला होता. तळाला आता चौघांनी मिळून मुकादमाचीच जुनी फळी ठोकली, पंधरा वर्षं बसून मध्ये गुळगुळीत झालेली. झाकण लावण्याआधी चिठ्ठी आतून चिकटवायची होती. थोरलीने ती खोटी ओळ खोडली होती, वर खरी लिहिली होती, आणि खाली रीतसर चार ओळी. काय: पेटी. कशाची: सागवान, तळ जुना. कोणी: चौघांनी. कोणासाठी: मुकादम.

तिघांच्या सह्या झाल्या. बाबांनी पेन्सिल धाकट्याकडे दिली. त्याने दुसरी ओळ वाचली आणि पेटीची पाठ बोटाने ठोकून बघितली.

"सागवानच आहे," बाबा म्हणाले.

"बघितलं नुसतं," धाकटा म्हणाला आणि सही केली.

संध्याकाळच्या गाडीने तो गेला. थांब असं आई म्हणाली, तो पुन्हा येईन म्हणाला नाही. फाटकाशी बाबांनी त्याची पिशवी उचलून दिली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण ते कडीला तेल घालायला हवं, एवढंच बोलले.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. फळीची जागा रिकामी होती आणि कामगार तिला वळसा घालून चालत होते. कॅलेंडर थोरलीने उतरवलं नाही.

रविवारी पावणेसहालाच ती फोनजवळ जाऊन बसली. आई स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होती. पॅसेजमध्ये पावलं आली आणि थांबली. सहा वाजले. सहा वाजून दोन मिनिटं झाली. नऊ वर्षांत एवढा उशीर कधी झाला नव्हता. थोरलीने खिडकीबाहेर बघितलं. फाटकाशी कुणी बसलेलं नव्हतं.

सहा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

तिने हात पुढे केला, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून दुसरा हात आला आणि फोन उचलला गेला. बाबांनी तो कानाला लावला.  दोघेही निमित्त शोधत असावेत.

मग बाबांनी घसा साफ केला.

"खाल्लं," ते म्हणाले. "हो, उठलो सकाळी आपला आपण. पाय... पाय काही खास नाहीत रे. येऊन बघ एकदा."